जुन्या मॅकबुक एअरचं चार्जिंग, फॅन आणि पांढरी स्क्रीन: एसएमसी आणि एनव्हीरॅम रिसेट कधी करायचं

प्रश्न: सर, माझ्याकडे २०१७चा मॅकबुक एअर आहे, त्यावर मॉन्टेरी चालतं. अंबडला आमचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, तिथल्या केबिनमध्येच तो असतो. महिनाभरापासून चार्जर लावला की दिवा कधी लागतो, कधी लागत नाही, कधी ४० टक्क्यांवरच हिरवा होतो. फॅन सारखा घोंघावतो. चालू करताना पांढरी स्क्रीन बराच वेळ राहते आणि मग लोगो येतो. एका दुकानात बोर्ड बदला म्हणाले. एसएमसी आणि एनव्हीरॅम रिसेट केलं तर जाईल का हे सगळं? आधी कोणतं करू? डेटा उडेल का?

उत्तर: डेटा उडणार नाही. दोन्ही रिसेट तुमच्या डिस्कला हातही लावत नाहीत. बोर्ड बदलायची घाई मात्र अजिबात करू नका. तुम्ही सांगितलेली तीन लक्षणं एकाच आजाराची असतील असं मला वाटत नाही. चार्जिंगसाठी आधी सफाई आणि मग एसएमसी. फॅनसाठी एसएमसी, पण तापमान बघितल्यावर. पांढऱ्या स्क्रीनचा एसएमसीशी काही संबंध नाही, तिथे आधी एक सेटिंग आणि ते जमलं नाही तरच एनव्हीरॅम. एका दमात सगळं केलं आणि मॅक सुधारला, तर नेमकं कशाने सुधारला ते कळत नाही आणि पंधरा दिवसांनी तेच दुखणं परत आलं की तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर येता. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या मॅकपैकी कितीतरी याच अवस्थेत येतात.

नावं सारखीच घेतली जात असली तरी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एसएमसी म्हणजे बोर्डावरची एक स्वतंत्र छोटी चिप. मॅक बंद असला तरी ती जागी असते. पॉवर बटण दाबलेलं ओळखणं, झाकण मिटलं की मॅक झोपवणं, बॅटरी किती भरायची आणि कधी थांबायचं, सेन्सर वाचून फॅन किती फिरवायचा, कीबोर्डचा उजेड, ही सगळी तिची कामं. दिवसेंदिवस मॅक पूर्ण बंद न होता नुसता झोपत-उठत राहिला की कधीकधी तिच्या डोक्यात एखादी जुनी, चुकीची अवस्था अडकून बसते. रिसेट म्हणजे ती अवस्था पुसून तिला नव्याने सगळं वाचायला लावणं. एनव्हीरॅम ही चिप नसून थोडीशी कायमस्वरूपी मेमरी आहे. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं, आवाज किती, स्क्रीनचं रिझोल्यूशन, टाइम झोन अशा मोजक्या नोंदी तिच्यात असतात. फॅनची किंवा चार्जिंगची नोंद तिथे नसते. म्हणून चार्जिंग होत नाही म्हणून एनव्हीरॅम रिसेट करणं म्हणजे नळाला पाणी येत नाही म्हणून विजेचा मीटर तपासण्यासारखं आहे.

आता चार्जरच्या दिव्याकडे या, कारण तुमच्या प्रश्नाची निम्मी गाठ तिथेच आहे. मॅगसेफचं टोक हातात घेऊन उजेडात बघा. पाच पिना ओळीत दिसतील. बाहेरच्या दोन ग्राउंडच्या, त्यांच्या आतल्या दोन पॉवरच्या, आणि मधली एकटी पिन निरोपाची. टोक चिकटलं की एसएमसी या मधल्या पिनेतून चार्जरला विचारते की तू कोण, किती वॅटचा. उत्तर मिळालं तरच बॅटरी भरायला घेते, आणि दिवा केशरी करायचा की हिरवा हेही तीच त्याच पिनेतून सांगते. म्हणजे दिवा चार्जरवर असला तरी हुकूम मॅकचा चालतो. मधल्या पिनेचा संपर्क नीट झाला नाही तर दिवा लागत नाही आणि बॅटरी भरत नाही, पण बाजूच्या पिनांतून वीज येत असल्यामुळे मॅक चालू राहू शकतो. माणूस गोंधळतो तो इथेच. चार्जर चालतोय, मॅक चालतोय, मग बोर्डच गेला असणार, असा निष्कर्ष निघतो.

या पाचही पिना आत स्प्रिंगवर असतात आणि त्यांच्याभोवती चुंबक. लेथच्या केबिनमध्ये चुंबक उघडा ठेवला तर काय होणार हे तुम्हाला मी सांगायला नको. लोखंडाचा बारीक कीस तिथे हळूहळू जमतो, पिनेच्या कडेने आत शिरतो आणि पिन आत दबली की वर येईनाशी होते. अंबड आणि सातपूरकडून आलेल्या मॅगसेफच्या मॅकमध्ये मी भिंग लावून पहिली हीच जागा बघतो.

रिसेटच्या आधी कागद-पेन घ्या

काहीही दाबण्याआधी आजची स्थिती लिहून ठेवा. चार्जर लावा, दिवा कसा आहे ते लिहा आणि टर्मिनल उघडून हे द्या:

```
pmset -g batt
system_profiler SPPowerDataType
```

पहिल्या कमांडमध्ये टक्के आणि `charging` की `AC attached; not charging` ते दिसेल. दुसरीचं उत्तर लांबलचक असतं, त्यातल्या मोजक्याच ओळी आपल्या कामाच्या. `Cycle Count`, `Condition`, `Full Charge Capacity`, आणि शेवटी `AC Charger Information` खाली `Connected` आणि `Wattage (W)`. तुमच्या एअरचा मूळ चार्जर ४५ वॅटचा आहे, तेव्हा तिथे ४५ दिसायला हवं. टर्मिनल नको असेल तर About This Mac मधल्या System Report मध्ये Power वर क्लिक केलं की हेच सगळं मिळतं.

या ओळी सरळ उत्तर देतात. दिवा नाही आणि `Connected: No` असेल तर मॅकला चार्जर दिसतच नाहीये. तिथे पिन, केबल, चार्जर, पोर्ट या क्रमाने शोध घ्यायचा. `Connected: Yes`, वॅट ४५, दिवा हिरवा, तरी ४० टक्क्यांवर `not charging`, तर चार्जर बरोबर ओळखला गेलाय पण भरायचं नाही असा निर्णय झालाय. हा निर्णय चुकीचा असू शकतो, आणि एसएमसी रिसेटचा खरा उपयोग इथे होतो. पण तो निर्णय योग्यही असू शकतो. बॅटरी फार गरम झाली की मॅक स्वतःहून चार्जिंग थांबवतो. हे मशीन १० ते ३५ अंशांच्या हवेत वापरायचं म्हणून बनवलेलं आहे, आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखालच्या केबिनमध्ये दुपारी किती तापतं ते तुम्ही रोज अनुभवता. तेव्हा हेच आकडे एकदा सकाळी, मॅक गार असताना घ्या. सकाळी भरतो आणि दुपारी थांबतो असं दिसलं तर रिसेटने काही होणार नाही, जागा बदलावी लागेल. आणखी एक, ८० टक्क्यांवर थांबत असेल तर ती बिघाडाची खूण नाही. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून मॅकोएस तसं मुद्दाम करतं. ४०ला थांबणं मात्र त्यात बसत नाही.

फॅनसाठी तिसरी कमांड, ती पासवर्ड मागेल:

```
sudo powermetrics --samplers smc -n 1
```

यात `Fan` समोर फेरे आणि `CPU die temperature` समोर तापमान येतं. तुमच्या एअरचा फॅन निवांत असताना मिनिटाला साधारण १२०० फेरे घेतो आणि पूर्ण जोरात ६५०० पर्यंत जातो. कोणतंही जड काम चालू नसताना ही कमांड द्या. तापमान ४५-५० आणि फॅन ६५०० असेल तर एसएमसीचं काहीतरी बिनसलंय किंवा तिला एखादा सेन्सर वाचता येत नाहीये. तापमान ९०च्या घरात आणि फॅन ६५०० असेल तर एसएमसी आपलं काम चोख करतेय, तिला दोष देऊ नका. Activity Monitor मध्ये कोण सीपीयू खातंय ते बघा, आणि तिथे काहीच नसेल तर बिजागराजवळची हवेची वाट धुळीने बुजलीय का ते उघडून बघावं लागेल.

हे सगळं लिहायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं वाचवली की पुढची सगळी मेहनत अंदाजपंचे होते.

सातपूरचा मॅक

तुमच्याशी अगदी जुळणारं एक प्रकरण सांगतो. सातपूरला फॅब्रिकेशनचं काम करणारे एक गृहस्थ २०१५चा एअर घेऊन आले होते. त्यांची तक्रारही हीच, चार्जिंग मधूनच बंद आणि फॅन कायम जोरात. ते म्हणाले, "एसएमसी रिसेट केलं की दोन दिवस चालतं, मग पुन्हा तेच." दर दोन-तीन दिवसांनी ते रिसेट करत होते आणि त्यांना खात्री झाली होती की एसएमसीची चिपच गेली. दुसरीकडेही त्यांना तसंच सांगितलं गेलं होतं.

मी आकडे घेतले. सायकल ४१२, `Condition: Normal`, फुल चार्ज क्षमता ६१०० एमएएच. या बॅटरीची नवी असतानाची क्षमता ७१५० असते आणि ती १००० सायकलसाठी बनवलेली असते, म्हणजे बॅटरी वयाच्या मानाने चांगलीच होती. दिवा नसताना `Connected: No`, लागला की लगेच ४५ वॅट. फॅन ६५००, तापमान ४८.

मग मी त्यांना विचारलं की रिसेट नक्की कसं करता, करून दाखवा. त्यांनी मॅक बंद केला, चार्जर काढला, परत लावला, बटणं दाबली, चालू केला. दिवा लागला. "बघा," ते म्हणाले. मी म्हटलं, आता बटणं न दाबता नुसता चार्जर दहा वेळा काढून लावू. दहापैकी सहा वेळा दिवा लागला, चार वेळा नाही. रिसेट एकदाही केलं नव्हतं. म्हणजे इतके महिने श्रेय रिसेटला मिळत होतं आणि काम होत होतं ते टोक काढून लावण्याने. प्रत्येक वेळी टोक थोडं वेगळं बसायचं, कधी मधली पिन टेकायची, कधी नाही.

भिंगाखाली बघितलं तर मधली पिन इतर चौघींपेक्षा खाली दबलेली आणि तिच्याभोवती काळपट कीस. तो साफ केल्यावर वीस वेळा काढून लावला, वीसही वेळा दिवा लागला.

फॅन मात्र तसाच, ६५०० वर घोंघावत होता. म्हणून आता, चार्जरला अजिबात हात न लावता, एसएमसी रिसेट केलं. चालू केल्यावर फॅन १२०० वर आला. अर्धा तास मशीन टेबलावर चालू ठेवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, १२००च. तर एकाच मॅकमध्ये एक दुखणं कचऱ्याचं होतं आणि एक खरोखर एसएमसीच्या अडकलेल्या अवस्थेचं. दोन्ही एकदम केली असती तर हे कधीच वेगळं झालं नसतं.

सफाई कशी करायची

आधी चार्जर भिंतीवरच्या सॉकेटमधून काढा आणि मॅक बंद करा. लोखंडी कीस ब्रशने नुसता इकडून तिकडे सरकतो, चुंबक त्याला सोडत नाही. त्यावर चांगला उपाय म्हणजे चिकटपट्टी. पट्टीची चिकट बाजू टोकावर आणि मॅकच्या पोर्टवर दाबून उचला, कीस यायचा थांबेपर्यंत नवी नवी पट्टी घ्या. मग मऊ, कोरड्या टूथब्रशने पिनांच्या कडा झटका. लाकडी टूथपिकच्या बोथट टोकाने एकेक पिन हलकेच दाबून सोडा. पाचही पिना सारख्याच झटक्याने वर आल्या पाहिजेत. एखादी अडखळली तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलसर हात द्या, पुन्हा दाबून सोडा, आणि दहा मिनिटं वाळू द्या. सुई, टाचणी, पॉलिश पेपर यातलं काही वापरू नका. पिनेवरचा मुलामा एकदा खरवडला गेला की संपर्क कायमचा बिघडतो. पिन वरच येत नसेल किंवा जळून काळी पडली असेल तर चार्जर बदलावा लागेल, आणि तसं ठरवण्याआधी दुसऱ्या कोणाचा मॅगसेफ २ चार्जर पाच मिनिटं लावून बघा. ६० वॅटचा लावला तरी एअरला चालतो, तो लागेल तेवढीच वीज घेतो.

साफ केल्यावर मॅक चालू करून दहा वेळा काढा-लावा आणि मोजा. दहाच्या दहा आलं तर चार्जिंगचा एक भाग सुटला.

एसएमसी रिसेट

ही पद्धत टी-टू चिप नसलेल्या आणि बॅटरी आतच बसवलेल्या इंटेल लॅपटॉपसाठी आहे, तुमचा एअर त्यातच येतो. मॅक Shut Down करा, झाकण मिटून झोपवणं चालणार नाही. स्क्रीन आणि फॅन पूर्ण शांत झाले की अंगच्याच कीबोर्डवर डाव्या बाजूचे शिफ्ट, कंट्रोल आणि ऑप्शन दाबा, ते तसेच धरून पॉवर बटण दाबा आणि चारही १० सेकंद धरून ठेवा. सगळी सोडा. मग नेहमीसारखं पॉवर बटण दाबून मॅक चालू करा.

चुका नेहमी त्याच होतात. कंट्रोलच्या जागी कोपऱ्यातलं एफएन दाबलं जातं. उजव्या बाजूचं शिफ्ट किंवा ऑप्शन धरलं जातं. बाहेरचा कीबोर्ड वापरला जातो. किंवा मॅक बंदच झालेला नसतो आणि पॉवर धरल्यावर तो नुसता जबरदस्तीने बंद होतो. रिसेट लागलं की नाही हे कळायला एक चांगली खूण आहे. चार्जर लावूनच हे करा आणि दिव्याकडे लक्ष ठेवा. बटणं दाबताना दिवा क्षणभर विझला किंवा रंग बदलला तर चिपने निरोप घेतला असं समजा. मात्र खरी परीक्षा कागदावर आहे. मघाच्याच तीन कमांड पुन्हा द्या आणि जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा.

आता निकाल वाचायचा. हिरव्या दिव्यासह ४० टक्क्यांवर अडकलेला मॅक रिसेटनंतर `charging` दाखवू लागला आणि आठवडाभर तसाच राहिला, तर ती अडकलेली अवस्था होती, विषय संपला. रिसेटनंतर फॅन १२०० वर आला आणि तिथेच राहिला, तरी तेच. पण चालू केल्यापासून मिनिटभरात, मशीन गार असतानाच, फॅन पुन्हा ६५०० वर गेला तर तो सेन्सरचा प्रश्न आहे. एखाद्या सेन्सरकडून उत्तर येत नसेल तर एसएमसी धोका पत्करत नाही, फॅन पूर्ण सोडते. अशा मशीनवर कितीही वेळा रिसेट करा, ती प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे वाचायला जाते आणि उत्तर न मिळाल्यावर तेच करते. गंगापूर रोडवरच्या एका विद्यार्थिनीचा एअर असाच होता. सहा महिन्यांपूर्वी चहा सांडला होता, पुसून घेतला, चालू झाला म्हणून तिने कोणाला सांगितलंच नाही. उघडल्यावर ट्रॅकपॅडच्या केबलच्या कनेक्टरवर हिरवा गंज धरला होता. कनेक्टर साफ करून केबल बदलली आणि फॅन शांत झाला. तुमच्या मॅकवर कधी काही सांडलंय का, हे आठवून बघा आणि कोणालाही दाखवायला नेलं तर पहिल्या वाक्यात सांगा.

शंका राहिली तर मॅक बंद करून, चालू करताना डी धरून ठेवा. Apple Diagnostics सुरू होतं आणि काही मिनिटांत कोड देतं. `ADP000` म्हणजे काही सापडलं नाही. `PPF` ने सुरू होणारा फॅनचा, `PPT` बॅटरीचा, `PFM` एसएमसीचा. `PFM` आला तरी लगेच बोर्डाचा विचार करू नका, रिसेट करून परत चाचणी घ्या. आणि `ADP000` आला म्हणून निर्धास्तही होऊ नका, दबलेली पिन या चाचणीला दिसत नाही.

पांढरी स्क्रीन

तुमचा मॅक शेवटी सुरू होतोय, म्हणजे डिस्क सापडतेय, फक्त शोधायला वेळ लागतोय. सुरू होताना मॅक एनव्हीरॅममधली नोंद वाचतो की कुठून सुरू व्हायचं. ती नोंद नसेल, किंवा आता न लावलेल्या एखाद्या बाहेरच्या डिस्ककडे बोट दाखवत असेल, तर तो एकेक जागा चाचपत बसतो. बाहेरच्या डिस्कवरून किंवा पेनड्राइव्हवरून कधी मॅक सुरू केला होता का? असेल तर मला उत्तर बहुतेक तिथेच दिसतंय.

म्हणून आधी System Preferences मध्ये Startup Disk उघडा, खालचं कुलूप क्लिक करून पासवर्ड द्या, आतली डिस्क निवडा आणि Restart करा. घंटेचा आवाज आल्यापासून लोगो येईपर्यंत किती सेकंद लागले ते मोबाइलच्या घड्याळावर मोजा. कितीतरी वेळा एवढ्यानेच काम होतं आणि एनव्हीरॅमला हात लावावा लागत नाही.

फरक पडला नाही तर एनव्हीरॅम. मॅक बंद करा. पॉवर बटण दाबून लगेच ऑप्शन, कमांड, पी आणि आर ही चारही बटणं दाबून धरा. २० सेकंदांच्या आसपास धरायची आहेत. तुमच्या एअरला सुरुवातीची घंटा आहे, ती दुसऱ्यांदा वाजली की सोडा. तीन वेळा, पाच वेळा वाजू द्यावी असं सांगणारे भेटतात, त्याने जास्त काही पुसलं जात नाही. बटणं उशिरा दाबली गेली तर मॅक सरळ सुरू होतो आणि रिसेट झालेलंच नसतं. हे ओळखायची सोपी युक्ती अशी की बंद करण्याआधी आवाज अगदी कमी करून ठेवा. रिसेट झालं तर दुसरी घंटा मोठ्याने वाजते, कारण आवाजाची नोंदही पुसली गेली. नंतर आवाज, रिझोल्यूशन, टाइम झोन एकदा बघून घ्या, आणि Startup Disk मध्ये जाऊन डिस्क पुन्हा निवडा. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. रिसेटने चुकीची नोंद गेली तशी बरोबर नोंदही गेलेली असते, आणि पांढरी स्क्रीन तशीच राहिली म्हणून रिसेट निकामी ठरवलं जातं.

दोन अडचणी येऊ शकतात. मॅक जुना घेतलेला असेल आणि आधीच्या मालकाने फर्मवेअर पासवर्ड ठेवला असेल तर या बटणांनी रिसेट होणार नाही. सुरू होताना कुलपाचं चित्र आलं तर तेच कारण समजा, आणि पासवर्ड काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दुसरी तुमच्यासाठी आज लागू नाही, पण जुन्या मॅकवाल्यांमध्ये फार दिसते. ओपनकोअर लेगसी पॅचर वापरून नवं मॅकोएस टाकलं असेल तर एनव्हीरॅम रिसेटनंतर मॅक त्या मार्गाने सुरू होणं विसरतो आणि लोगोऐवजी मनाईचं चिन्ह येऊ शकतं. घाबरायचं नाही. ऑप्शन धरून चालू करा, `EFI Boot` वर या, कंट्रोल धरून एंटर दाबा, म्हणजे ती निवड कायम होते.

पांढऱ्या स्क्रीननंतर प्रश्नचिन्ह असलेलं फोल्डर दिसू लागलं तर मात्र थांबा. डिस्क अधूनमधून सापडेनाशी होतेय. आधी बॅकअप, बाकी सगळं नंतर.

काही मॅकना हे लागू नाही

वर्कशॉपमध्ये किंवा घरी दुसरा मॅक असेल म्हणून थोडक्यात सांगतो. २०१८ आणि नंतरच्या टी-टू चिपच्या इंटेल लॅपटॉपमध्ये बटणं वेगळी आहेत. मॅक बंद करून डावा कंट्रोल, डावा ऑप्शन आणि उजवा शिफ्ट ७ सेकंद धरा, ते न सोडता पॉवर दाबून आणखी ७ सेकंद धरा, सगळी सोडा, थोडं थांबून चालू करा. टी-टू नसलेल्या आयमॅकसारख्या डेस्कटॉपला वायर काढून १५ सेकंद थांबा, परत लावून ५ सेकंद थांबा आणि चालू करा. २०२० अखेरपासूनच्या एम-१ आणि पुढच्या मॅकमध्ये यातलं काहीच नाही, बंद करून पुन्हा चालू करणं एवढंच.

आणि एक तपासणी आजच करा, बाकी काही करण्याआधी. मॅक सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगतोय का, ट्रॅकपॅड दाबायला कडक झालाय किंवा वर आलाय का, झाकण मिटल्यावर मध्ये फट राहतेय का ते बघा. यातलं एकही दिसलं तर बॅटरी फुगलीय. तेव्हा चार्जर काढून ठेवा, रिसेट करू नका, उघडायचा प्रयत्नही करू नका, आहे तसा दुरुस्तीला न्या.

तसं काही नसेल तर या क्रमाने जा. आज आकडे आणि सफाई, दहा वेळा काढा-लावा. उद्या चार्जरला हात न लावता एसएमसी आणि परत आकडे. परवा Startup Disk, लागलं तर एनव्हीरॅम. आठवडाभर चार्जरचं टोक वापरात नसताना टोपणात किंवा साध्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, कीस पुन्हा जमायला नको. आठवड्यानंतरही दिवा दहातून एकदा जरी चुकला, तर तो कागद आणि चार्जर दोन्ही घेऊन या. मी आधी माझा चार्जर लावून बघेन, मग मॅकमधलं पोर्टचं छोटं बोर्ड. या एअरमध्ये ते मुख्य बोर्डापासून वेगळं असतं आणि केबलने जोडलेलं असतं, त्यामुळे ते एकटं बदलता येतं. ते बदलूनही `Connected: No` राहिलं, तरच मुख्य बोर्डाचं बोलू.